मध्यंतरापर्यंत दार बंद

दया,

हे वाचून झालं की तू चष्मा पुसत म्हणशील, "तुला काही कामधंदा नाही का गं?" नाही. माझ्या वयाला माणसाला कामधंदा नसतो, नुसती मतं असतात. कोपरगावात तुझ्याविषयी दोन बोलवा आहेत. एक, तू भारी शिस्तीची बाई. दुसरी, तू भारी खुनशी बाई. भांडतात लोक त्यावरून. मला हसू येतं, कारण दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच संध्याकाळच्या आहेत. मी तेव्हा तिथंच होते, तेव्हा मला शिकवू नकोस. पण तुला समोर बसवून सांगायला लागले तर तू वाक्यावाक्याला "तसं नव्हतं ते" करशील. म्हणून इथून पुढं तू 'दयाबाई'. गप्प बस आणि ऐक.

दयाबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नाट्यमंडळाचं दार सांभाळायला घेतलं. तिकिटं, खुर्च्यांचा प्लॅन, आत कुणाला कधी सोडायचं, सगळं त्यांच्याकडे. लोकांना वाटलं, नवरा गेल्यावर बाईंनी मन रमवायला काहीतरी शोधलं. शमुवेल मंडळाचा नट होता, त्याची आठवण म्हणून करत असतील. आठवण म्हणूनच करत होत्या. मात्र लोक समजत होते ती आठवण ती नव्हे.

शमुवेल साखर कारखान्याच्या काट्यावर होता. दिवसभर उसाच्या गाड्या तोलायचा आणि संध्याकाळी तालमीला यायचा. वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याला पोस्टमन, हवालदार, वराचा मामा. मग त्यांचा मुलगा नोहा दहावीत होता त्या वर्षी एकदाची मोठी भूमिका मिळाली: परागंदा झालेला बाप म्हातारपणी घरी परत येतो. दुसऱ्या अंकात तो उंबऱ्यात उभा राहतो, लेक समोर असते आणि दोघंही काही बोलत नाहीत. त्या न बोलण्याची शमुवेलनं दोन महिने तालीम केली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. दयाबाईंचं पिठलं करपायचं.

प्रयोगाच्या दिवशी तो तसा उभा राहिला आणि सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. तेवढ्यात बाजूचं दार धाडकन उघडलं. उजेडाचा पट्टा थेट रंगमंचावर. माइकवरून आवाज, "आपले लाडके चेअरमन रंगनाथआण्णा यांचं आगमन झालेलं आहे!" पतसंस्थेचे चेअरमन. दिवे लागले, टाळ्या झाल्या, आण्णा रंगमंचावर चढले. शाल, नारळ. हार घालायला कुणीतरी हवं म्हणून तो शमुवेलच्याच हातात दिला. रंगवलेल्या सुरकुत्या, फाटका सदरा, अशा अवतारात त्यानं तो आण्णांच्या गळ्यात घातला. आण्णा दहा मिनिटं बोलले आणि म्हणाले, "चला, करा सुरू."

शमुवेल पुन्हा उंबऱ्यात उभा राहिला. गप्प. मागून कुणीतरी ओरडलं, "आता बोला की काका!" सभागृह हसलं.

त्यानंतर त्यानं तोंडाला रंग लावला नाही. पुढं काही वर्षांनी काविळीनं गेला. आण्णा मातीला आले होते, तेही उशिरानं. दयाबाईंनी ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

बायका अशा गोष्टी विसरतात असं पुरुष समजतात. खुशाल समजोत.

रंगनाथआण्णा यथावकाश मंडळाचे अध्यक्ष झाले. कारण मोठी खुर्ची रिकामी दिसली की ते बसत. उशिरा येणं मात्र सुटलं नाही. आधी आलं तर माणूस नुसता येतो, उशिरा आलं की त्याचं आगमन होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि त्यांचं पाहून गावही शिकलं. नाटक सुरू झाल्यावर निम्मी मंडळी मोबाईलच्या उजेडात लोकांचे पाय तुडवत खुर्च्या शोधायची.

मग दयाबाईंनी मंडळाच्या बैठकीत नियम मांडला. प्रयोगाआधी अर्धा तास दार उघडायचं. तिकीट टेबलावर तपासून घ्यायचं. तिसऱ्या घंटेनंतर दहा मिनिटं सवलत, मग टेबल बंद आणि दारही बंद. नंतर येईल त्यानं बाहेर लॉबीत बसायचं. मध्यंतर झालं की त्याला त्याच्याच खुर्चीवर नेऊन बसवायचं. तोवर त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. तिकिटावर, फलकावर आणि आदल्या दिवशीच्या व्हॉट्सॲप निरोपात हे ठळक सांगायचं.

रेश्मा म्हणून एक हुशार मुलगी आहे कमिटीवर. ती म्हणाली, "बाई, प्रवेश बदलताना अंधार होतो ना, तेव्हा सोडू की लोकांना."

"अंधारात पायऱ्यांवरून पडले तर उचलशील तू? आणि आपलं पुढचं नाटक वाचलंस का? पहिल्या अंकात अंधार होतच नाही. एकच प्रवेश आहे, सलग."

"अन् मानाचे पास?" सुनीलनं विचारलं. सुनील मंडळाचा चिटणीस आणि आण्णांचा पुतण्या. "त्यांनाबी बाहेर बसवायचं व्हय?"

सगळ्यांनी आण्णांकडं पाहिलं. दयाबाईंनी पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "ते अध्यक्षांनी ठरवावं. शिस्त लावायची तर वरूनच लागते."

आण्णांना भाषणाची संधी दिसली. टेबलावर थाप मारून म्हणाले, "नियम म्हंजी नियम! पासवाला असू दे न्हाईतर मंत्री. दार बंद म्हंजी बंद. घाला माझं नाव खाली!"

नाव घातलं गेलं. सगळ्या तिकिटांवर. आपल्या नावाचा नियम आपल्यालाही लागतो ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नाही. दयाबाईंनी सगळा डाव याच एका गोष्टीवर लावला होता.

आणि दुसरी गोष्ट. त्या नाटकात आण्णांची नात दिशा काम करत होती. कॉलेजातली पोर, पहिलंच नाटक. तिची भूमिका पहिल्या अंकात सुरू होऊन पहिल्याच अंकात संपत होती. हे दयाबाईंना नियम मांडायच्या आधीपासून माहीत होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी दिशा रंगपटातून दोनदा डोकावून गेली. "बाई, आजोबा आले?" दयाबाई म्हणाल्या, "येतील. तू आत जा, मेकअप पुसतोय." आण्णा त्या वेळी पुणतांब्याला होते, कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाला. एक फोन केला असता तर उठून आले असते. निरोप सगळ्यांना गेला तसा त्यांनाही गेला होता. दयाबाईंनी फोन केला नाही.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. दहा मिनिटं दयाबाई घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. शेवटचं एक जोडपं धापा टाकत आलं, त्यांना त्यांनी स्वतः बॅटरी दाखवत आत नेऊन बसवलं. मग टेबल बंद केलं आणि सभागृहाचा रखवालदार मच्छिंद्र याला म्हणाल्या, "लाव."

थोड्या वेळानं फाटकात गाडी थांबली. मच्छिंद्र कुजबुजला, "बाई, आण्णा आल्यात. आता?"

"आता काय? खुर्ची दे त्यांना."

आण्णा आले. अंगावर उद्घाटनाची शाल तशीच. बरोबर चार माणसं. सुनील रंगपटाच्या बाजूनं धावत बाहेर आला. "बाई, दार उघडा. आण्णा आहेत."

"दिसतंय मला."

"अहो, पहिल्या रांगेतली खुर्ची आहे त्यांची!"

"आहे. मध्यंतरापर्यंत तिच्यावर कुणी बसणार नाही. मी स्वतः नेऊन बसवीन."

"बाई, डोकं ठिकाणावर हाय का? अध्यक्ष आहेत ते!"

दयाबाईंनी तिकीट उलटं करून त्याच्यापुढं धरलं. "खाली कुणाचं नाव आहे ते वाच. मोठ्यानं वाच."

आण्णा हसले. नेहमीचं, खांद्यावर हात ठेवल्यासारखं हसणं. "दयाबाई, नियम चांगलाच हाय. पर आमची पोरगी पहिल्याच अंकात हाय ओ."

"ठाऊक आहे मला," दयाबाई म्हणाल्या.

तेव्हा आण्णांचं हसू थांबलं. बंद दारापलीकडून एका मुलीचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण चढणारा, न अडखळणारा आवाज. मग सगळं सभागृह हसलं, आणि मग एकदम शांत झालं.

सुनीलनं कडीला हात घातला. दयाबाईंची हीच वेळ होती. त्यांना आण्णांचा आरडाओरडा हवा होता, चार लोकांत शोभा व्हायला हवी होती. उत्तरं त्यांनी कित्येक वर्षं घासून ठेवली होती.

"सोड ती कडी," आण्णा म्हणाले. "उजेड पडंल पोरीच्या तोंडावर." आणि मुकाट्यानं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले.

दयाबाईंना असा संताप आला! बारा वाक्यं तयार आणि माणूस बसून मोकळा. शिवाय त्याला कळलं होतं, उजेड पडल्यावर काय होतं ते. म्हणजे तेव्हाही कळू शकलं असतं.

आण्णा दाराकडं कान लावून बसले होते. टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनीही बाहेर बसून टाळ्या वाजवल्या. बरोबरच्या चौघांनी वाजवायच्या की नाही हे न कळून अर्ध्याच वाजवल्या. मग काहीतरी बोलायचं म्हणून आण्णा म्हणाले, "शमुवेल लई गुणी माणूस. त्याचं ते बापाचं काम पाहिलं हुतं मी. काय काम केलं हुतं!"

"नाही पाहिलंत," दयाबाई म्हणाल्या. "तुम्ही तेव्हाही उशिराच आला होता. तुम्ही आलात म्हणून ते काम झालंच नाही. तुमच्या गळ्यात हार घातला तो माणूस तो."

आण्णांनी आठवायचा प्रयत्न केला. तोंडावर दिसत होता. आठवलं नाही. त्यांना इतके हार पडले होते.

अंक संपला. दारं उघडली, लोक चहाला बाहेर लोटले आणि आपल्या अध्यक्षाला लॉबीत रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत बसलेला पाहून जागच्या जागी थबकले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दिशा तोंडावरच्या रंगासकट पळत आली, "आजोबा, कसं झालं?"

"झ्याक!" आण्णा म्हणाले. "एक नंबर झालं!"

पोर मूर्ख नव्हती. तिनं अंगावरची शाल पाहिली, खुर्ची पाहिली, आणि वळून परत गेली.

दयाबाईंनी शब्दाप्रमाणे आण्णांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. उरलेला प्रयोग आण्णांनी कोण कुणाचं कोण ते न कळता पाहिला. जाताना दाराशी थांबून हळूच म्हणाले, "मागं क्यामेरा लावलेला असतो म्हणत्यात. पहिल्या अंकाचं तेवढं पाठवाल का, बाई?"

"पाठवते," दयाबाई म्हणाल्या.

आता पुन्हा 'तू'. ते चित्रण तू पेनड्राइव्हवर घेतलंस, मला दाखवलंस. मला वाटलं, झालं, फिटलं. मी म्हटलं, दया, उद्या मी पुणतांब्याला जाते आहे, वाटेत आण्णांचं घर आहे, दे माझ्याजवळ, टाकते जाता जाता. तू म्हणालीस, "देते हं, सकाळी देते." सकाळी मी तुझ्या दारापुढं रिक्षा थांबवली. तू अंगणात जास्वंदीला पाणी घालत होतीस. मान वर करून म्हणालीस, "जाऊन ये. सावकाश जा." मीही पेनड्राइव्ह मागितला नाही. रिक्षा पुढं गेली.