होडीचा एक तृतीयांश

केसरबाई कुठेही गेल्या तरी दमूनच पोचतात. अलिबागच्या आमच्या वकिली ऑफिसात आल्या तेव्हा बाकावर बसल्या आणि पंख्याकडे बघून म्हणाल्या, "हा फिरतो तरी." म्हणजे बँकेतला फिरत नव्हता. आधी टायपिंगवाला, मग बँक, मग पुन्हा टायपिंगवाला, आणि आता आम्ही.

नवरा गेल्यावर होडी बाईंच्या नावावर आली. मासळी कमी झाली, डिझेल वाढलं, तेव्हा दीर सदा आणि पुतण्या मितेश यांनी डोकं चालवलं: नागावच्या किनाऱ्यावरून पर्यटकांना समुद्रात चक्कर मारून आणायची. सुकाणू सदाकडे, गिऱ्हाईक आणि मोबाईल मितेशकडे, होडी बाईंची. धंदा जमला. पण पर्यटक खिशात नोटा ठेवत नाहीत, स्कॅनर मागतात. स्कॅनरला फर्मच्या नावाचं खातं, खात्याला भागीदारीचा करारनामा. तो तिघांनी मिळून बनवला होता, आणि कलम वाचताना ते लगेच कळत होतं:

"नफा-तोटा वाटणी: होडी – एक तृतीयांश. श्रीमती केसर – 2/9. श्री. सदा – 22.22%. श्री. मितेश – 0.2222."

चार ओळी, चार तऱ्हा. अपूर्णांक बाईंच्या शेजारच्या मास्तरांचा, टक्के सदाचे, दशांश मितेशच्या मोबाईलचा. बँकेच्या साहेबांनी सगळ्यांचे टक्के करून बेरीज केली, ९९.९९ आली, आणि "उरलेले ०.०१ कोणाचे?" असं पेन्सिलीने लिहून कागद परत पाठवला.

आमच्या वकील रचना मॅडम कागद वाचेपर्यंत बाई आणि सोबत आलेले सदा-मितेश त्या ०.०१ वरच बोलत होते.

"काकीला देऊन टाका," मितेश म्हणाला. "मोठी हाय."

"मना नको," बाई म्हणाल्या. "त्याची पण कुठेतरी सही करावी लागंल."

मॅडमनी चष्मा काढला. "ते पॉइंट शून्य एक सोडा. तो नुसता दोन आकड्यांवर तोडल्यामुळे सांडलाय. ही होडी कोण?"

"होडी म्हणजे होडी," सदा म्हणाला.

"भागीदार आहे ना ती? मग तिचा पॅन द्या, आधार द्या."

"रजिस्ट्रेशन नंबर हाय मॅडम," मितेश म्हणाला. "फोटोपण हाय."

यात त्यांची चूक काढणं कठीण. मासेमारीत त्यांच्याकडे पकड विकली की डिझेल-बर्फ वजा करून आधी होडीचा वाटा बाजूला पडतो, मग माणसांचे. आजोबांपासून तसंच. कागदावरही तिघांनी होडीला मानाने पहिली ओळ दिली. पण कायद्यात होडी माणूस नाही. तिच्या नावाचा नफा कोणाच्या तरी नावावर जायला हवा.

"दोन रस्ते," मॅडम म्हणाल्या. "होडीचा वाटा मालकिणीचा धरला तर केसरबाईंचे एक तृतीयांश अधिक दोन नवमांश, म्हणजे पाच नवमांश. नाहीतर ती ओळ काढायची, होडीची दुरुस्ती फर्मने करायची, आणि नफ्याचे तीन सारखे भाग."

पंचावन्न टक्के की तेहतीस, एवढाच प्रश्न होता, आणि तो इतके दिवस ०.०१ च्या मागे लपून बसला होता.

"सारखेच बरे," सदा म्हणाला. "वहिनी, घरचीच माणसं आपण."

"इंजिन खोललं, पैसे मी भरले, तेव्हा कुठलं घर होतं?"

सदा पंख्याकडे बघू लागला.

"गिऱ्हाईक मी आणतो, काकी," मितेश म्हणाला. "आणि पंचावन्न घेशील तर तोट्यातले पण पंचावन्न तुझेच. लिहिलंय, नफा-तोटा."

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. "वेगळं काही ठरवलं नाही, तर तोटा नफ्याच्याच प्रमाणात."

बाई बराच वेळ पदराने मान पुसत राहिल्या. त्यांना तेहतीस घेऊन घरी जाता आलं असतं, आणि त्यांचा चेहरा बघता तेवढंच करतील असं मला वाटलं.

"तोटा आतापण माझाच हाय," त्या म्हणाल्या. "यांना सांगत न्हाय एवढंच. पाच लिवा. दुरुस्ती माझी, होडी माझ्याच नावावर, तेपण लिवा."

मी नवा मजकूर टाइप केला: ५५.५६, २२.२२, २२.२२ टक्के. बेरीज शंभर. पुढे अक्षरांत पाच नवमांश, दोन नवमांश, दोन नवमांश. आणि फरक पडल्यास अक्षरांतलं खरं, असंही एक वाक्य मॅडमनी घातलं. होडीची ओळ गेली. सदाने सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उमटली. मितेशने सही करून मोबाईल काढला आणि दोन नवमांश म्हणजे नक्की किती ते पुन्हा तपासलं. तेवढेच आले.

बाई उठल्या. "आता पंख्याच्या दांडीचं बघायला हवं," त्या म्हणाल्या. आम्ही छताकडे पाहिलं. "होडीच्या, पाण्यातल्या," त्या म्हणाल्या. "वाकली हाय. तेहतीस घेतले असते, तर तिघांची असती."