पुसलेली रिक्षा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुधा तुमच्यापुढे जीभ सैल सुटते आहे.

सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात माझा फोटो स्टुडिओ आहे. शेजारच्या गाळ्यात पद्मा ब्लाउज शिवते. तिच्या घरी तेलुगू, माझ्या घरी कन्नड, आणि आमची भांडणं मराठीत. दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो. तिच्या हसण्यानं समोरच्या सोनाराचं गिऱ्हाईक दचकतं, एवढी ती मोकळी बाई.

माझा धंदाच खोटं सजवण्याचा — आणि मला त्याची लाज नाही. टॉवेलच्या जाहिरातीत मागची विजेची तार पुसायची, चादरीवर नसलेलं ऊन पाडायचं. पाहणाऱ्यालाही माहीत असतं की हे सजवलेलं आहे. फक्त खुद्द चादरीचा रंग बदलायचा नाही, कारण गिऱ्हाईक विकत घेणार ती चादरच. लग्नाच्या अल्बमात लोक गेलेल्या आजोबांना पहिल्या रांगेत बसवायला सांगतात. मी बसवते, फेटासुद्धा बांधते. घरात सगळ्यांना ठाऊक असतं, मग फसलं कोण? एका प्रदर्शनासाठी तर मी सात रस्ता चौकाच्या मधोमध तळं केलं होतं, त्यात कमळं. खाली ‘रचलेलं चित्र’ अशी पाटी. सोलापुरात एवढं पाणी पाहून लोक खूश झाले, पण घागर घेऊन कुणी धावलं नाही.

त्याच काळात एका स्थानिक दैनिकालाही मी फोटो देऊ लागले. पहिल्याच दिवशी तिथल्या संपादकांनी बजावलं होतं — उजेड कमी-जास्त करा, अर्थ बदलत नसेल तर कडा कापा, पण चौकटीत जे होतं ते जाऊ द्यायचं नाही आणि जे नव्हतं ते आणायचं नाही. मी मान डोलावली. डोलवायला काय लागतं?

महिला दिनाला शुक्रवार पेठेत रस्सीखेच ठेवली होती. एका बाजूला शांताकाकूंचा संघ — काकू म्हणजे माझ्या आईची मैत्रीण, पेठेतलं बडं प्रस्थ — आणि दुसऱ्या बाजूला पद्माच्या गल्लीतल्या बायका. बक्षीस कुकर. काय सांगू तुम्हाला तो दंगा! नऊवाऱ्या खोचलेल्या, चपला भिरकावलेल्या, ढोल चाललेला. एक आजी तर पंचांचीच शिट्टी हिसकावून वाजवत होत्या. पद्माच्या बाजूनं जोर लावून लावून पाय घसरले, काकूंचा अख्खा संघ जिंकला आणि हिसक्यासरशी उताणा पडला, आणि पडल्या पडल्या सगळ्या बायका पोट धरून हसल्या. त्याच क्षणी मी बटण दाबलं. इतका आनंदी फोटो मी पुन्हा काढलेला नाही — हे आजही म्हणते.

फक्त उजव्या कडेला, काकूंच्या संघामागे, एका रिक्षाचं ढुंगण आलं होतं. ती कड कापावी, तर सगळ्यात सुंदर हसणारी शेवटची बाई अर्धी कापली जात होती. मग हाताची सवय म्हणा — नको, सवय म्हणायला नको. मी बाजूच्या रस्त्याचे तुकडे उचलून रिक्षावर पसरले, मागच्या दुकानाचं शटर पुढे ओढलं, रिक्षाची सावलीही विसरले नाही. दोरीचं टोक आता हवेतच तुटत होतं, म्हणून खेळाआधी काढलेल्या दुसऱ्या फोटोतून जमिनीवर पडलेला दोरीचा तुकडा आणून तिथे चिकटवला. छान बसला. फोटो पहिल्या पानावर आला.

आणि इथे मी थोडं चुकवून सांगितलं. रिक्षा नुसती कुरूप दिसत होती म्हणून मी पुसली, असं तुम्हाला वाटलं ना? तसंच वाटावं म्हणून मी तसं सांगितलं. खरं असं — दोरीच्या टोकाचा रिक्षाच्या मागच्या बंपरला वेढा होता. पडद्यावर फोटो मोठा केल्यावर तो मला स्वच्छ दिसला. मी क्षणभर थांबले. मग वाटलं, एवढ्या हसऱ्या फोटोत ही कटकट कशाला?

पण पद्मानं तो वेढा मैदानातच पाहिला होता. ती पहिल्यापासून सांगत होती, “दोरी रिक्षाला बांदलीती. मी बगितलंय की माज्या डोळ्यानं.” गर्दीत कुणी लक्ष दिलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर छापूनच आलं. काकू वर्तमानपत्र नाचवत म्हणाल्या, “हे बग, दोरीचं टोक जमिनीवर पडलंय. कुटं हाय तुजी रिक्षा?”

पंच होते शाळेतले खेळाचे सर. सरळ माणूस. ते स्टुडिओत आले, म्हणाले, “कॅमेऱ्यातला मूळ फोटो दाखवता का?” मूळ फाइल समोरच्या संगणकात होती. मी म्हणाले, “सर, छापलाय तोच मूळ.” त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. दैनिकाचं काम नुकतंच सुरू झालं होतं, काकूंना दुखवायचं नव्हतं — ही कारणं मला पाठ आहेत, आणि त्यांतलं एकही पुरेसं नाही.

पद्माला नाव पडलं — रिक्षावाली. “रिक्षावाली, स्टँडला जाते का गं?” असं कुणीही म्हणावं. ती रागावली, मग हसायला शिकली. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, आणि कधी कधी पहिली मीच सुरुवात करायचे.

गेल्या आठवड्यात माझी नवी मदतनीस भिंतीवरच्या त्याच फोटोकडे बघत उभी राहिली. डबा खाता खाता पद्मानंच तिला सगळी गंमत सांगितली, हातवारे करून, काकूंच्या आवाजात. आम्ही तिघी हसून हसून बेजार झालो. मदतनीस मुलीनं विचारलं, “मग रिक्षा होती की नव्हती, ताई?”

“नसणारच की,” पद्मा भाकरीला शेंगाचटणी लावत म्हणाली. “फोटूत न्हाय. लई ऊन होतं त्या दिवशी, मला उगंच दिसली असंल. तवापासनं मी कशावर पैज लावत न्हाय बग. डोळ्याचा काय भरवसा?”

आणि ती पुन्हा हसली. तिला काहीच टोचलं नव्हतं. तिनं घास माझ्यापुढे केला आणि मी तो खाल्ला.

आज सकाळी मूळ फाइल मी दैनिकाकडे पाठवली. तो फोटो ते संग्रहातून काढतील, दुरुस्ती छापतील आणि माझं काम बंद करतील. बरोबरच आहे. दुसरी प्रत छापून माझ्या टेबलावर पडली आहे, तीत बंपर, वेढा, गाठ, सगळं आहे. शेजारून शिलाई मशीनचा आवाज येतो आहे, पद्मा कुठलंतरी तेलुगू गाणं मोठ्यानं म्हणते आहे, आणि मी आता उठते आहे.

रिक्षा होती. पद्माला जे दिसलं ते तिथे होतं. मी ते फोटोतून पुसलं, मग तिच्या डोळ्यांतूनही पुसलं, आणि ती स्वतःवर हसत असताना तिच्या डब्यातलं जेवले.