अपेक्षित भावाचा रकाना

जयपूरला मी नोकरीसाठी आले तेव्हा मला खोली मिळवून दिली ती ऑफिसमधल्या एका मराठी मुलाने. त्याचे वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन इकडे आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. तो जन्मला, शिकला सगळं जयपुरातच. शास्त्री नगरमध्ये त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका घराची वरची खोली त्याने माझ्यासाठी बघून ठेवली होती. "ताई, मतलब एकदम सेफ एरिया आहे," असं तो म्हणाला. त्याची मराठी अशीच होती, अडखळत येणारी आणि आपुलकीची. त्याची आई रविवारी जेवायला बोलवायची. अमरावतीच्या मुलीला इथलं तेलातुपाचं जेवण सोसत नसेल, असं ती स्वतःच ठरवून टाकायची आणि माझ्यासाठी वेगळं वरण करायची.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढे आमच्यात जे झालं ते परक्या माणसांत झालं असतं तर एवढं लागलं नसतं.

आमचे मालक चारदीवारीतले, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातले, जुने जवाहिरे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशांनी कमोडिटी ट्रेडिंगचं ऑफिस काढलं होतं. खाली खड्यांची पारख चालायची, वर आम्ही पाच-सहा जण स्क्रीनसमोर. चांदी, सोनं, तांबं यांच्या वायद्यांचे सौदे एक रूटीन, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, आपोआप करायचं. त्याचे दोन भाग होते. कधी घ्यायचं आणि कधी विकायचं हे ठरवणारा भाग त्याने लिहिलेला. ठरल्यावर ऑर्डर एक्स्चेंजला पाठवून सौदा पुरा करणारा भाग माझा. प्रत्येक सौद्याची नोंद ट्रेड लॉगमध्ये व्हायची: ठरवलं तेव्हाचा अपेक्षित भाव आणि प्रत्यक्षात मिळालेला भाव. या दोन भावांतल्या फरकाला आमच्या धंद्यात स्लिपेज म्हणतात.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मालकांनी आम्हाला खाली गादीवर बोलावलं. मागच्या काही वर्षांच्या भावांवर चालवून पाहिलं की हे रूटीन छान कमवायचं, खऱ्या बाजारात मात्र जेमतेम बरोबरीत सुटायचं. "पैसा जा कहाँ रहा है?" त्यांनी विचारलं.

त्याने स्लिपेजचा रिपोर्ट पुढे केला. सरासरी जवळजवळ शून्य होती. म्हणजे भावात काहीच गळत नव्हतं. मग माझ्याकडे न बघता तो हिंदीत म्हणाला, "शायद ऑर्डर भेजने में गड़बड़ है. कुछ सौदे छूट जाते होंगे."

सौदे सुटत नव्हते. ते दाखवायला मला एक दुपार लागली. पण मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. तो माझ्याशी मराठीत बोलायचा आणि माझ्याविरुद्ध हिंदीत. वर आल्यावर मी त्याला म्हटलं, "मला आधी विचारायचं होतंस."

"ताई, मैंने आपका नाम थोड़ी लिया," तो म्हणाला.

मी लॉग स्वतः उघडला. सरासरी शून्य कशी येते हे मला बघायचं होतं. त्याने प्रत्येक सौद्यात मिळालेल्या भावातून अपेक्षित भाव वजा केला होता, खरेदी असो वा विक्री. समजा शंभरला घ्यायचं ठरलं आणि एकशे दोनला मिळालं, तर फरक अधिक दोन. शंभरला विकायचं ठरलं आणि अठ्ठ्याण्णवला गेलं, तर फरक उणे दोन. दोन्ही वेळा आपलं नुकसानच झालं, पण बेरीज केली की शून्य. विक्रीच्या ओळींत वजाबाकी उलटी करायला हवी होती. तशी केल्यावर सरासरी शून्यावरून उठली आणि चांगलीच वाईट दिसू लागली.

त्याला बाजूला घेऊन सांगावं एवढा शहाणपणा माझ्यात होता. मी तो वापरला नाही. मी सरळ मालकांसमोर मांडलं. त्याचा चेहरा उतरला. मग कान लाल झाले.

"ठीक है, स्लिपेज है," तो म्हणाला. "तो ऑर्डर कौन भेजता है?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता. ठरवतो तो, भाव मिळवते मी; वाटेत गळतं तर वाट माझी.

त्यानंतर ऑफिसची हवाच बदलली. त्याने चहाला हाक मारणं बंद केलं. मी काही विचारलं तर उत्तर ईमेलवर यायचं, मालकांना प्रत टाकून. मीही तसंच करू लागले. बाकीचे आमच्या दोघांच्या टेबलांमधून जाताना आवाज कमी करायचे.

ही वाट नेमकी कुठे गळते ते लॉगमधून कळत नव्हतं, कारण त्यात फक्त सुरुवात आणि शेवट होता. मी माझ्या भागात आणखी एक रकाना घातला: ऑर्डर निघते त्या क्षणाचा बाजारभाव. खरेदी असेल तर समोरचा विकणारा मागतो तो भाव, विक्री असेल तर समोरचा घेणारा देतो तो. एक ऑर्डर तुकड्या-तुकड्यांत पुरी झाली, तर प्रत्येक तुकड्यात किती लॉट, म्हणजे किती माल, त्या प्रमाणात सरासरी. आता स्लिपेजचे दोन तुकडे पडत होते. ठरल्यापासून ऑर्डर निघेपर्यंतचा एक, आणि ऑर्डर निघाल्यापासून सौदा होईपर्यंतचा दुसरा.

दुसरा तुकडा छोटा होता. मोठ्या ऑर्डरी पहिल्या भावाला उपलब्ध असलेला माल संपवून पुढच्या, आणखी वाईट भावांपर्यंत जायच्या, तेवढाच. तो माझा, आणि मी तो तसाच मांडला. जवळजवळ सगळी गळती पहिल्या तुकड्यात होती. त्याचा भाग चांदीचा निर्णय घ्यायचा, पण ऑर्डर लगेच पुढे द्यायचा नाही. सोनं, तांबं आणि बाकी सगळ्यांचा हिशोब पुरा झाला की मग सगळ्या ऑर्डरी एकदम सोडायचा. तेवढ्या वेळात चांदीचा भाव निघून गेलेला असायचा. आणि आमचं रूटीन चढणाऱ्या भावाला घ्यायचं, पडणाऱ्याला विकायचं, म्हणून थांबणं बहुतेक वेळा आपल्याच विरुद्ध जायचं.

मी हे लिहून त्याला पाठवलं. या वेळी फक्त त्याला. उत्तर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मालक मला म्हणाले, "उसने ठीक कर दिया. देखो, स्लिपेज आधे से भी कम."

मी लॉग पाहिला. स्लिपेज खरंच कमी होतं. पण रोजचा निकाल सुधारलेला नव्हता. मग ओळी वाचत गेले आणि अंगात संताप चढत गेला. अपेक्षित भाव आणि ऑर्डर निघतानाचा भाव प्रत्येक ओळीत तंतोतंत एकच होता. एखाद्या सौद्यात ते जुळणं मी समजू शकते. चांदीचा बाजार एवढा आज्ञाधारक कधीच नसतो. त्याने उशीर काढला नव्हता. त्याने अपेक्षित भाव नोंदवण्याची जागा सरकवली होती. आता तो निर्णयाच्या वेळी नाही, ऑर्डर निघताना लिहिला जात होता, आणि मधली गळती कुठेच दिसत नव्हती.

मी लॅपटॉप उचलून खाली गेले. तो तिथेच बसला होता.

"यात लबाडी आहे," मी मराठीत म्हणाले. मालकांना कळावं म्हणून पुन्हा हिंदीत म्हणाले.

"ज़बान सँभालो," तो म्हणाला. 'ताई' गेलं, 'आप' गेलं. "ऑर्डर निकलते वक़्त जो दिखता है, वही तो एक्सपेक्टेड है. कई लोग ऐसे ही मापते हैं."

"मोजू देत. मग निर्णय ते ऑर्डर यांच्यात जातं ते कुणाच्या नावावर?"

"मार्केट के."

"बरं. मागच्या वर्षांच्या भावांवर नफा काढलास, त्यात सौदा कुठल्या भावाला झाला असं धरलंस? निर्णयाच्या की ऑर्डर निघतानाच्या?"

त्याने माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"बता ना," मालक म्हणाले.

"निर्णयाच्या," तो मराठीतच बोलला, बहुधा नकळत.

"म्हणजे सेठजींना वचन त्या भावाचं दिलंस आणि माप दुसऱ्या भावाने घेतोस."

मालकांना मराठी येत नव्हती, पण एवढं त्यांना समजलं. जवाहिऱ्याच्या धंद्यातला माणूस, सांगितलेला भाव आणि दिलेला भाव यांतलं अंतर त्यांना शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी आवाज न चढवता आम्हा दोघांना झापलं. त्याला म्हणाले, रकाना पूर्वीसारखा कर आणि उशीर काढ, नाहीतर खाली दुकानात बस. मला म्हणाले, "और तुम. घर में आग लगी हो तो पहले पानी डालते हैं, पंचायत नहीं बुलाते." त्यांनी चांदीच्या सौद्यांचा आकार निम्म्यावर आणला आणि आम्हाला वर पाठवलं. जिन्यात तो माझ्या पुढे होता. वळून म्हणाला, "खोली मी शोधून दिली होती तुम्हाला." मी म्हटलं, "तिचा यात काय संबंध?" तो उरलेल्या पायऱ्या चढून गेला.

संबंध होता, हे त्याच्या आईने मला दाखवून दिलं. भाजीवाल्याच्या गाड्यापाशी ती भेटली. मी हसले. ती हसली नाही.

"मालकासमोर त्याला चोर म्हणालीस?" तिने विचारलं.

"चोर नाही म्हणाले, काकू."

"मग काय म्हणालीस?"

लबाडी म्हणाले होते. हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन मी तो शब्द पुन्हा उच्चारू शकले नाही. "माझ्या घरी जेवलीस तू," ती म्हणाली. "भांडण होतं तर माझ्याकडे यायचं. मी त्याचे कान धरले असते." पिशवी सावरत ती निघून गेली. मला तिचाही राग आला. ऑफिसातली चूक घरच्या जेवणावर कशी मिटते, हे तिने एकदा सांगावंच, असं चिडून वाटलं. महिन्याभरात मी ती खोली सोडली आणि दूर दुसरीकडे जागा घेतली.

त्याने उशीर मात्र काढला. प्रत्येक वस्तूचा निर्णय झाला की बाकीच्यांची वाट न बघता तिची ऑर्डर लगेच सोडायची, असा त्याचा भाग त्याने नव्याने लिहिला. अपेक्षित भाव परत निर्णयाच्या क्षणाचा झाला. नवा रिपोर्ट आला त्यात स्लिपेज खूप कमी होतं, आणि या वेळी रोजचा निकालही सुधारला होता. मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "दिमाग तो इसका ही है," म्हणाले. माझ्याकडे रिपोर्ट सरकवला, तपासून सही करायला.

मी तो तपासला, आणि चूक सापडावी या इच्छेने तपासला. खरेदी वेगळी, विक्री वेगळी, वजाबाकीची दिशा. तुकड्यांच्या सौद्यांची सरासरी हाताने काढून पाहिली. ऑर्डर निघतानाचा भाव आणि अपेक्षित भाव आता कुठे जुळत होते, कुठे थोडे हटत होते, खऱ्या बाजारात हटावेत तसे. काही सौद्यांत तर आम्हाला अपेक्षेपेक्षा चांगला भाव मिळाला होता, आणि तेही त्याने प्रामाणिकपणे आपल्या बाजूने धरलं होतं, फुगवलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तो पलीकडच्या टेबलावरून बघत होता, मी काय शोधतेय हे त्याला पक्कं माहीत होतं.

काही सापडलं नाही. मी सही केली आणि रिपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो न बघता ड्रॉवरमध्ये टाकला आणि हेडफोन कानाला लावले.