गोऱ्ह्याची वही

नातीचे कागद बियाण्याच्या रिकाम्या थैलीत भरलेले होते. महिन्यातून एकदा सूनबाई तिला घेऊन बसनं बुलढाण्याला जायची. तिथल्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडम दर खेपेला एक कागद लिहून द्यायच्या. तो थैलीत जायचा आणि थैली खुंटीला जायची.

नात पाच वर्षांची. कान तपासले, ते ठीक निघाले. पण तिला 'क' म्हणता येत नव्हता, त्या जागी 'त' निघायचा. कोंबडीला तोंबडी, कापसाला तापूस. अंगणवाडीत लेकरं तिची नक्कल करायची, म्हणून पोरीनं तिथं तोंडच उघडणं सोडलं. जूनमध्ये पहिलीत जायचं होतं. मला रात्रंदिवस एकच घोर लागला होता, ही मुकी बसून राहिली तर काय?

एका खेपेला मीही सोबत गेलो. मॅडमनी विचारलं, "घरी काय सराव झाला?" सूनबाई थैली उपसू लागली. थैलीतून कागद निघाले, एक लग्नपत्रिका निघाली, आणि सोयाबीनचे दाणे टेबलावर सांडले.

मॅडम म्हणाल्या, "हे एका वहीत नीट लावा. काय साधायचं ते वेगळं, व्यायाम वेगळे, घरचा सराव वेगळा. आणि कोणत्या पायरीवर आहे ते रोज लिहा."

"मी लावतो," मी म्हणालो.

सूनबाई बसमध्ये म्हणाली, "मामाजी, तुमची शाळा तर चौथीतच सुटली."

"तिसरीत. पन तिसरी मी दोन खेपा केली हाये."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कागद मांडले. वाऱ्यानं उडू नये म्हणून एकेकावर गोटा ठेवला. आधी मोठे कागद खाली, लहान वर, असं लावलं. दिसायला सुबक झालं. सूनबाईनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मामाजी, हे काय पोळ्या रचून राह्यले का? मजकूर पाहा ना!"

मजकूर पाहिला तर सगळी खिचडी. एकाच कागदावर 'शब्दाच्या सुरुवातीला क, दहापैकी आठ' आणि त्याच्याच खाली 'पाण्याच्या गुळण्या, उताणं झोपवून आवाज काढणे'. पहिलं साधायचं, दुसरं करायचं. हे दोन वेगळे आहेत एवढं समजायला मला दोन दिवस आणि चार कप चहा लागला. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर एका दिवसात झालं असतं, पण मग वही माझी राहिली नसती.

पायऱ्या मात्र मला झटक्यात समजल्या. मी तीस वर्षं गोऱ्हे, म्हणजे कोवळे बैल, कामाला शिकवले. पंचक्रोशीतले लोक आपला गोऱ्हा माझ्याकडं आणून बांधायचे. पहिल्या दिवशी कोणी गाडीला जुंपत नाही. आधी नुसता दोर, मग खांद्यावर रिकामं जू, मग मागं लाकडाचा ओंडका, मग मऊ रानात वखर, आणि शेवटी रस्त्यावर गाडी. घाई केली की गोऱ्हा बसकण मारतो, मग तुम्ही काही करा.

मॅडमचंही तेच होतं. आधी 'क' आणि 'त' कानानं ओळखणं, मग नुसता 'क', मग का-की-कू, मग शब्द, मग दोन शब्द, मग वाक्य, आणि शेवटी गप्पा. दहा वेळा म्हणायचं, आठ बरोबर, तेही तीन दिवस लागोपाठ, तरच वरची पायरी. मी वहीत पायऱ्या लिहिल्या आणि समोर कंसात दोर, जू, ओंडका असं टाकलं.

सूनबाई कडाडली, "माह्या पोरीले गोऱ्हा म्हनता?"

"गोऱ्ह्याले म्या लेकरासारखं शिकवलं. हिशेब तोच."

वही पेनानं लिहिली. मॅडम म्हणाल्या होत्या पेन्सिल वापरा, पुढंमागं होतं. पण पेन्सिल लहान लेकरांची. माणसानं पेन वापरावा.

सराव सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच. आरशासमोर बसायचं, जिभेचं टोक खालच्या दातांमागं दाबून ठेवायचं, मागची जीभ वर, आणि आठवणीची खूण म्हणून बोट गळ्याला. सुरुवातीला नात उताणी झोपून आवाज काढायची, तिच्या बाजूला मीही झोपायचो. शेजारची म्हातारी कुंपणातून ओरडली, "काय हो, दोघं बी एकदम पडले! डॉक्टरले बोलवू का?"

मी तोंडात पाणी धरून होतो. नुसता हात हलवला.

महिनाभरात वही बरोबरच्या खुणांनी भरली. कानानं ओळखणं झालं, नुसता आवाज झाला, का-की-कू झालं. मग चित्र दाखवून शब्द. मी म्हणायचो "कोंबडी", ती म्हणायची "कोंबडी". मी "कापूस", ती "कापूस". दहापैकी दहा. पेनानं ठसठशीत खूण.

पुढच्या खेपेला मी धुतलेलं धोतर नेसून गेलो आणि वही टेबलावर ठेवली. मॅडमनी पानं उलटली. "बाबा, फार छान लावलंय. आता मी पाहते." त्यांनी नातीसमोर कोंबडीचं चित्र धरलं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

नात म्हणाली, "तोंबडी."

मग तापूस. मग आणखी. दहापैकी दोन बरोबर.

मी म्हणालो, "पोरगी लाजून राह्यली. घरी फटाफट म्हनते."

"घरी आधी कोण म्हणतं?"

"मी."

"मग ते तुमच्या मागं म्हणणं झालं. स्वतःहून म्हणणं वेगळं लिहायचं. का-की-कू वर परत जाऊ."

सूनबाईनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला. माझी चूक मला समजली. गोऱ्हा नवा असतो तेव्हा पुढं दोर धरून एक माणूस चालतो. तो बाजूला झाल्यावरच समजतं गोऱ्हा शिकला की नाही. हे मी लोकांना तीस वर्षं सांगितलं. आणि घरी महिनाभर मी स्वतःच दोर धरून पुढं चालत होतो, वर नातीला पुरते मार्क देत होतो.

तरी अडून बसलो. "वहीत खाडाखोड नाही होनार. पेनानं लिहेल हाये."

तेवढ्यात नातीनं ते चित्र परत उचललं. "तोंब... नाही." गळ्याला बोट लावलं. "कोंबडी."

"पाहा!" मी पेन काढला. "बरोबरची खून!"

तिनं माझा हात धरला. "आधी नाही आलं, आबा. फुली मार."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, आपली चूक आपल्याच कानाला समजू लागली, हे फार मोठं काम झालं. ते वहीत वेगळं लिहा. पण पायरी खालचीच.

मी फुली मारली. बसस्टँडवर एक पेन्सिल आणि खोडरबर घेतलं. दुकानदाराला सांगितलं, नातीसाठी हाये.

आता वहीत तीन रकाने आहेत: मागून म्हटलं, बोटाच्या खुणेनं म्हटलं, आपलं आपण म्हटलं. सरावाला मी तोंडात गमछ्याचं टोक धरून बसतो, म्हणजे शब्द निसटत नाही. सूनबाई म्हणते, या घराले एवढी शांतता कधीच नव्हती. पुन्हा का-की-कू पार केलं, शब्द पार केले, आता दोन शब्दांवर आहोत. 'काळी कोंबडी' सहा वेळा येते, आठ लागतात.

काल शेजारची म्हातारी एक कोंबडी बगलेत घालून निघाली होती. मी ओट्यावर होतो. नात फाटकाशी धावली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ए आजी! ते कोंबडी आमची हाये!"

म्हातारीनं कोंबडी सोडून दिली. मी वही काढली. वाक्याच्या पानावर खूण करावी म्हणून हात शिवशिवत होता. पण एकदा झालं ते मोजायचं नाही. वही मिटून ठेवली. जूनला अजून दोन महिने आहेत.

"आबा," नात म्हणाली, "आता बरोबर आलं होतं. लिही ना."

मी पेन्सिल शोधू लागलो. पेन्सिल तिच्याच कानावर होती.