म्हशीला अनुष्टुभात बसवलं तेव्हा

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत नुकतीच संस्कृत शिकवायला लागले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका पाथरवटाचा कारखाना होता. देवळांच्या संगमरवरी पाट्या कोरण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. एका रविवारी सकाळी तो छिन्नी हातात घेऊनच आमच्या दारात उभा राहिला.

"बाई, जरा येताय काय? एक श्लोक हाय. मला चालंना झालाय."

"चालत नाही म्हणजे?"

"मी म्हणत म्हणत कोरतो की. ह्यो म्हणायला गेलं की पयल्याच ओळीत ठेच लागतीया."

त्याला संस्कृतचं अक्षर कळत नव्हतं, पण शेकडो श्लोक त्याच्या हाताखालून गेले होते. शेगडीवर भाजी तशीच ठेवून मी चप्पल घालून निघाले.

कारखान्यात गडमुडशिंगीची दोन माणसं बसली होती. एक निवृत्त गुरुजी, धोतर-कोट, मांडीवर टोपी. श्लोक त्यांनीच रचलेला. दुसरी एक आक्का, नऊवारीतली, खणखणीत आवाजाची. गावच्या देवीच्या देवळाला पाटी ती देणार होती. तिच्या गोठ्यात आठ म्हशी होत्या, हे मला बसायच्या आधीच कळलं.

दगडावर पेन्सिलीनं लिहिलं होतं:

गोमहिषीणां रक्षित्री क्षेत्रपालनतत्परा ।
सा देवी वरदा माता सर्वान् पातु निरन्तरम् ॥

गाईम्हशींची राखणदार, शेतं सांभाळणारी ती देवी सगळ्यांचं रक्षण करो. अर्थ सरळ होता. मी मोठ्यानं म्हटलं आणि मलाही पहिल्याच चरणात ठेच लागली.

"गुरुजी, छंद कुठला?" मी विचारलं.

"अनुष्टुभ. प्रत्येक चरणात आठ अक्षरं. चारदा मोजलीत मी."

"आठ आहेत. पण अनुष्टुभात पाचवं अक्षर लघु लागतं, सहावं गुरु. गो, म, हि, षी, णां... पाचवं 'णां' आहे. गुरु झालं ते."

गुरुजींनी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाथरवट मात्र खूश. "बगा! मी म्हणत न्हवतो?"

मला वाईट वाटलं आणि उत्साहही आला. बाकीचे तीन चरण अगदी चोख होते. मी पेन्सिल घेऊन म्हटलं, "असं करू या: 'गोधनस्य सदा त्रात्री'. गोधनाचं सदैव रक्षण करणारी. पाचवं 'स' लघु, सहावं 'दा' गुरु, सातवं 'त्रा' गुरु. बसलं!"

पाथरवटानं गुणगुणून पाहिलं. घसरगुंडीसारखं गेलं. आक्कानं विचारलं, "गोधन म्हंजी?"

"गाई."

"आन् म्हस कुठं गेली?"

"बाई, ह्यो दगूड म्हशीच्या दुधावर आलाय. पाटीवर म्हस न्हाई तर दगूड बी न्हाई. गाईनं काय दिलंय ओ?"

"आक्का, छंदात बसायला पाहिजे..."

"बसवा की! येवढी शिकलाईसा."

पाथरवट तोंड फिरवून हसत होता. मलाही हसू आवरेना. देवळांतल्या चित्रांत देवी रेड्याला मारते आणि इथं म्हैस वशिला लावून स्तोत्रात शिरत होती. मी दगडापुढं मांडी घालून पुटपुटू लागले. महिषी, महिष्यः, महिषीणां... म, हि, षी, णां. लघु, लघु, गुरु, गुरु. म्हणजे 'हि' पाचव्या जागी आणली, की 'षी' सहावी, 'णां' सातवी. 'म'च्या आधी फक्त तीन अक्षरं हवीत आणि शेवटी एक!

"गवां च महिषीणां च!" मी ओरडलेच.

पाथरवटानं मांडीवर ताल धरला. गवां च महिषीणां च! अशी ऐटीत चालत आली म्हैस, जणू छंद तिच्यासाठीच केला होता.

"पण आता षष्ठी झाली," मी म्हटलं. "गाईंची आणि म्हशींची. त्यांची कोण? दुसरा चरणही बदलावा लागेल."

गुरुजींची बोटं हलत होती. सावकाश, एकेक अक्षर जोखत ते म्हणाले, "क्षे-त्रा-णां चै-व र-क्षि-णी. पाचवं 'व' लघु. सहावं 'र', पुढं जोडाक्षर, म्हणून गुरु. आणि दुसऱ्या चरणात सातवं लघु पाहिजे, नाही का बाई? 'क्षि' लघु आहे."

मी टाळ्याच वाजवल्या. शाळेत मुली बरोबर उत्तर देतात तेव्हा वाजवते तशा, सत्तरीच्या माणसासमोर. गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली.

मग आम्ही चौघांनी अख्खा श्लोक म्हटला:

गवां च महिषीणां च क्षेत्राणां चैव रक्षिणी ।
सा देवी वरदा माता सर्वान् पातु निरन्तरम् ॥

पहिल्यांदा नीट, दुसऱ्यांदा टाळ्यांवर. तिसऱ्यांदा आक्का 'महिषीणां' एवढंच म्हणत होती, पण इतक्या जोरात, की रस्त्यावरचा एक सायकलवाला उतरून दारात डोकावला. "पावणं, या की," आक्का त्याला म्हणाली. "म्हशीचा श्लोक हाय."

पाथरवटानं जुनी ओळ पुसली, नवी लिहिली आणि छिन्नी लावली. गुरुजी शेजारी पाटावर बसून प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत होते. मी घरी परतले तेव्हा भाजी करपली होती आणि आई रागावली होती. तिला कारण सांगायला गेले, तर 'गवां च' म्हणेपर्यंत मला इतकं हसू फुटलं, की पुढचं सांगताच येईना.