सुकेशनी मॅडमचं दार

पालमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सुकेशनी मॅडम एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होत्या. घंटा झाली की त्यांच्या वर्गाचं दार बंद. मग प्राचार्यांची पुतणी असो की शिपायाचा पोरगा, उशिरा आला तो व्हरांड्यात. या एका दाराचा बाईंना भारी अभिमान.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘नियम सगळ्यांना सारखा लावला, तर कुणावरच अन्याय होत नाही.’

“हे तोडा. एकच प्रत्युदाहरण पुरे. पण पहिला भाग खरा पाहिजे आणि दुसरा खोटा.”

बजरंग उठला. “आमच्या गावात पानी आधी बड्यांच्या घरी जातंय.”

“मग नियम सारखा लागलाच कुठं? पहिलाच भाग लटका. फळ्यावरचं वाक्य धडधाकट.”

नागेश म्हणाला, “हेल्मेट नव्हतं म्हणून मला दंड झाला. लय वाईट वाटलं.”

“वाईट वाटणं म्हणजे अन्याय नव्हे, राजा.”

मनिषा चाचरत म्हणाली, “आंधळ्या मुलालाबी सगळ्यांसारखीच छापील प्रश्नपत्रिका दिली तर?”

बाई खूश झाल्या. नियम सारखा, अन्याय उघडाच. वाक्य पडलं.

“मंग नियमच नको!” नागेश ओरडला.

“एवढी उडी नको. ‘कुणावरच’ पडलं. बहुतेकदा सारखा नियम बरा असतो, ते उभंच आहे.”

तेवढ्यात खिडकीच्या गजांशी आवाज आला. “मॅडम, माज्याकडं बी एक हाय.”

ताडकळसकडच्या खेड्यातून येणारी मंजुषा व्हरांड्यात उभी होती. आज गैरहजेरी लागली तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं, हे बाईंनीच तिला काल सांगितलं होतं.

“तुमचं दार सगळ्यांना सारखंच बंद होतंय. पन आमच्या गावची पहिली एसटीच घंटेनंतर येती.”

बाईंना राग आला. पण लगेच कुतूहलानं रागावर मात केली. जे पोरांना सांगितलं, तेच आता स्वतःला लावायचं होतं.

“दुसरी गाडी? इथं राहायची सोय?”

“न्हाई मॅडम. दोन्ही न्हाई.”

पहिला भाग तपासायची गरजच नव्हती. दार सगळ्यांना सारखंच बंद होतं, त्याचाच तर तोरा होता. आणि दुसरा? ही पोर रोज धावतपळत येते आणि शिक्षा भोगते. कशाची? बाईंना मनापासून लाज वाटली, आणि उदाहरण इतकं नेमकं म्हणून आनंदही झाला.

त्यांनी दार उघडलं, हजेरी लावली आणि फळ्यावर नवं वाक्य लिहिलं: ‘ज्याची गाडीच उशिरा येते, त्यालाच उशिरा आत घ्यावं.’

मंजुषा बाकावर टेकली, वाक्य वाचलं आणि हात वर केला.

“मॅडम, हे बी पडतंय. बजरंगकडं मोटारसायकल हाय. पन त्याच्या आईला दवाखान्यात सोडून येतो तो. सोमवारी तुमी त्याला बाहीर ठिवलं व्हतं.”

बजरंगनं मान खाली घातली. त्यानं हे कधीच सांगितलं नव्हतं, आणि बाईंनी कधी विचारलंही नव्हतं.

सुकेशनीबाईंनी डस्टर उचललं, वाक्य पुसलं. दार मात्र उघडंच ठेवलं.