लिफ्टची किल्ली कमरेला

दोन वर्षांचं पोर कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये असेल, तर त्याला कडेवर कसं घ्यायचं, सांगाल का? नाही ना सांगता येत? मग "बाबागाडी मिटवा आणि बाळ उचला" असं फर्मान सोडणाऱ्यांत तुम्ही कधी होतात का, तेही आठवून बघा.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत रफू करणारी ही बाई. गल्लीत तिला सगळे रफूवालीच म्हणतात. सिगारेटने जाळलेल्या कोटाचं भोक ती असं बुजवते की मालकालाही सापडू नये. पण त्या दिवशी तिच्या हातात सुई नव्हती, बाबागाडी होती. गाडीत उशांवर टेकलेली तिची लेक, चिमणी, मांड्या फाकवून ठेवलेलं प्लास्टर दोन्ही बाजूंनी बाहेर. गाडीचा पट्टा प्लास्टरवर बसेना, म्हणून तिने स्वतःच्या ओढणीने पोरीला आवळून बांधलं होतं.

प्लास्टर आज निघायचं होतं. दवाखान्यातली प्लास्टरची खोली दुपारी बंद होते. आज हुकलं तर पुढच्या आठवड्यावर. आणि काठाखाली मांडीला जखम चिघळत होती. रात्रभर पोर कण्हत होतं.

मेट्रोत चढेपर्यंत सगळं सुरळीत झालं. रुंद फाटकातून आत, व्हीलचेअरची खूण असलेल्या डब्यात, गाडी भिंतीला लावून ब्रेक. उतरताना पाठमोरी होऊन मागची मोठी चाकं आधी डबा आणि फलाटामधल्या फटीपलीकडे. हे सगळं तिला पाठ होतं. फलाटावरच्या लिफ्टने ती तिकिटांच्या दालनात आली. रस्त्यावर नेणारी लिफ्ट एकाच दाराशी होती, दवाखान्याच्या बाजूला. तिथे पोचली तर पाटी: बंद.

"दादा, लिफ्ट?"

"बंद आहे ताई," सुरक्षारक्षक म्हणाला. "सरकत्या जिन्याने जा."

"त्यावर बाबागाडी न्यायची नाही, असं तिथेच लिहिलंय की!"

"मग गाडी मिटवा. बाळाला घ्या कडेवर."

"हिला? दरवाजा काखेत मारल्यासारखी घेऊ?"

"माझ्यावर काय चिडता? वरून हुकूम आहे."

चिमणी रडायला लागली. रफूवालीने घड्याळाकडे पाहिलं. इतक्यात एक टायवाला पुढे आला. "वहिनी, चला, उचलू आपण. दोन मिनिटांचं काम." माणूस भला होता. भल्या माणसांना घाई फार. साध्या जिन्यापाशी तिने गाडीची मूठ धरली, ती पाठमोरी वरच्या पायरीवर. तो खाली.

"अहो, तिथे नको, खालची दांडी..." ती म्हणेपर्यंत त्याने पोरीच्या पुढ्यातला आडवा दांडा धरून उचललंही.

तो दांडा काढता-घालता येतो. पोराने हात टेकावेत म्हणून असतो तो, वजन पेलायला नसतो. अर्ध्या जिन्यावर खट्‌ आवाज झाला. दांडा टायवाल्याच्या हातात आणि गाडी पुढे झुकली. पोरीचा सगळा भार ओढणीवर आला. रफूवालीने मूठ छातीशी ओढली, गुडघा पायरीच्या कडेवर आपटला, पण बोटं सोडली नाहीत. किंचाळायलाही श्वास उरला नाही.

खालून रक्षक धावला. त्याने पुढच्या चाकांमधला लोखंडी आस पकडला, खांदा लावला आणि गाडी सरळ झाली. एकेक पायरी करत तिघांनी ती खाली आणली. टायवाला पांढराफटक, दांडा हातात तसाच.

रक्षकाने कमरेची किल्ली काढली आणि लिफ्टच्या पेटीत फिरवली. दिवा लागला.

"किल्ली तुझ्याकडेच होती?" आता तिला आवाज फुटला.

"गर्दीच्या वेळी बंद ठेवायला सांगतात, ताई. धडधाकट लोक दाटीने घुसतात, दार अडकतं, बोलणी मला. कुणी मागितली तर उघडतो."

"आणि मी मघापासून काय मागत होते, चंद्र?"

त्याने बटण दाबलं. दार उघडलं आणि काय आश्चर्य! मागून पाच-सहा जण तिच्या आधी आत. खांद्याला पिशवी, कानात गाणी.

"बाहेर!" रक्षक एवढ्या जोरात ओरडला की चिमणी रडायची थांबली. लोक पुटपुटत निघाले. एकजण म्हणाला, "आम्हालाही घाई आहे." टायवाल्याने त्याला दंडाला धरून जिना दाखवला.

प्लास्टरच्या खोलीत प्लास्टर कापणारे भाऊ एप्रन सोडत होते. तिचा सुजलेला गुडघा पाहिला, गाडी पाहिली आणि गाठ परत बांधली. "झोपवा हिला. आवाजाला घाबरेल, हात धरून ठेवा."

कापायचं यंत्र घरघरलं. हात धरायला रफूवालीला दोनदा प्रयत्न करावा लागला. बोटं मुठीच्या आकारातच आखडली होती.

तुम्हाला दोन धड पाय आहेत ना? मग लिफ्टपाशी बाबागाडी दिसली तर बाहेर राहा. आणि उचलायला पुढे झालात, तर हात लावण्याआधी बाळाच्या आईला विचारा: कुठे धरू?